तीन पेट्या ठेवल्या तरी सगळे लहानच उचलतात? आधी हे तपासून बघा

कुडाळात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी अशा तीन वेळा कोकण मेवा विकणाऱ्या काकी, वहिनी, बचत गटवाल्या बायका, एखादा होमस्टेवाला असे सगळे दुकानात येतात आणि म्हणतात, भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लहान-मध्यम-मोठं असं काहीतरी छान करून दे. मी करून देतो, आणि पंधरा दिवसांनी त्यातलेच अर्धे परत येतात, मध्यम कोण घेतच नाय म्हणून. गेली काही वर्षं हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता पोस्ट बघितल्याबरोबर साधारण कळतं कुठे अडलंय. तेच इथे लिहितोय, स्वस्तातल्या तपासणीपासून सुरू करून महागाच्या तपासणीकडे जाऊ.

आधी लक्षणं. बिघाड हाच आहे की दुसराच, ते यावरून कळतं.

पहिलं लक्षण म्हणजे दहातले सात-आठ जण लहान घेतात, एखाददुसरा मोठं घेतो आणि मधलं तसंच पडून राहतं. दुसरं म्हणजे लोक तिन्ही बाजूला ठेवून विचारतात, "गो बाय, काजू तेवढे दी, बाकीचा नको." तिसरं, पोस्टमध्ये सगळं लिहिलेलं असताना सुद्धा "मधल्यात नक्की काय काय आहे?" हा प्रश्न रोज येतो. आणि चौथं, जे मला सगळ्यात वाईट वाटतं, माणूस मध्यम घेतो म्हणतो, मग कुरिअरचा आकडा ऐकतो आणि लहानवर उतरतो नायतर गायबच होतो.

यातलं एकही लक्षण नसेल आणि मुळात कोण काही विचारतच नसेल, तर पुढचं वाचून उपयोग नाय. तो किमतीच्या पायऱ्यांचा बिघाड नाही, पोस्ट लोकांपर्यंत पोचत नाहीये किंवा माल ओळखीचा नाहीये. तीन पर्याय मांडून गिऱ्हाईक तयार होत नसतं, आलेलं गिऱ्हाईक कुठे बसेल एवढंच त्यातून ठरतं.

आता सगळ्यात फुकटची तपासणी, वही. शेवटच्या तीस-चाळीस ऑर्डरी काढा आणि लहान किती, मध्यम किती, मोठं किती असं लिहा. हे सांगितलं की लोक तोंड वाकडं करतात पण याच्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पाच-सहा ऑर्डरींवरून काहीच कळत नाय, एका चाकरमान्याने ऑफिससाठी चार मोठ्या नेल्या की आपल्याला वाटतं मोठं चालतंय. एक काकी मला शपथेवर सांगत होत्या की मध्यम चाललंय, वहीत बघितलं तर चाळीसात चार! त्यांचंच उदाहरण पुढे सगळीकडे वापरतो, नाव सांगत नाय.

त्यांची पोस्ट अशी होती. लहान पेटी ४९९ रुपये, त्यात काजू पाव किलो, कोकम आगळ अर्धा लिटर, मालवणी मसाला २०० ग्रॅम. मध्यम ९४९, त्यात लहानातलं सगळं आणि वर आंबापोळी, फणसपोळी आणि अर्धा किलो कुळीथ पीठ. मोठी ११९९, त्यात मध्यमातलं सगळं आणि काजू, आगळ दुप्पट. वहीत चाळीस पेट्यांचा हिशोब लहान २७, मध्यम ४, मोठी ९.

हे आकडे डोक्यात ठेवा, पण हात किमतीला नंतर लावायचा. आधी पोस्ट नुसती डोळ्याने बघायची.

मोबाईल हातात घ्या, स्वतःचा नको, घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी घ्या, आणि पोस्ट उघडा. काहीही न दाबता तिन्ही किमती दिसतात का? काकींच्या पोस्टमध्ये वर सात ओळी मंगलमूर्ती मोरया, मग आमच्याकडे घरगुती चवीचे वगैरे, मग लहान पेटी, आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपने मजकूर कापून "आणखी वाचा" टाकलेलं. म्हणजे वाचणाऱ्याच्या दृष्टीने पोस्टमध्ये एकच पेटी होती, ४९९ वाली! त्याने तीच मागितली, त्याचा काय दोष. फोटोही तीन वेगळे होते, ते एकामागून एक सरकवत बघायचे, तिसऱ्या फोटोपर्यंत फार कमी लोक जातात.

इलाज फुकट आहे. तिन्ही पेट्या एकाच फोटोत, शेजारी शेजारी, एकाच टेबलावर, उघड्या, आणि किंमत फोटोवरच. मजकुरात पहिल्या तीन ओळीतच तीन किमती, देवाचं नाव आणि शुभेच्छा खाली गेल्या तरी देव रागावत नाय. हे का महत्त्वाचं, तर "मधलं" ही गोष्ट दोन बाजू दिसल्याशिवाय मधली होतच नाही. एकेक करून दाखवलेल्या तीन वस्तू या तीन वेगळ्या वस्तू असतात, एकत्र दाखवल्या तरच माणूस मनात तुलना सुरू करतो.

फोटो काढताना एक गंमत सांगतो. मोठी पेटी पुढे ठेवायचा मोह सगळ्यांना होतो, दिसायला भारी दिसते ना. मग तिच्यामागे मधली अर्धी झाकली जाते आणि लोक विचारतात मधली खयची. तिन्ही एका रेषेत ठेवा.

दुसरी तपासणी भाषेची, तीही फुकट. प्रत्येक पेटीत तीच वस्तू त्याच क्रमाने आणि त्याच मापात लिहिली आहे का बघा. मी बघितलेल्या पोस्टमध्ये लहानात "काजू पाव किलो", मध्यमात "काजू २५० ग्रॅम" आणि मोठ्यात "काजू २ पॅकेट" असं लिहिलेलं असतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं सगळ्यांना कळलं. वाचणारा दादरला लोकलमध्ये उभा आहे, एका हाताने कडी धरलीय, तो गणित करत बसत नाय. जिथे तुलना अवघड जाते तिथे माणूस सगळ्यात कमी रकमेचं घेतो, कारण चुकलो तरी कमीत चुकलो असं त्याला वाटतं. लहान खपण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याचा किमतीशी काडीचा संबंध नाय.

म्हणून मध्यमासमोर पूर्ण यादी परत देण्यापेक्षा "लहानातलं सगळं, शिवाय..." असं लिहा, आणि शिवायच्या पुढे जास्तीत जास्त दोन गोष्टी. नावं पण बघा. एका वहिनींनी पेट्यांना सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं दिलेली, आता यात आंबापोळी कशात आहे ते कसं कळणार? "चवीपुरती", "घरासाठी", "वाटायला" अशी नावं दिली की माणूस स्वतःलाच विचारतो आपल्याला कशाला हवंय, आणि घरासाठी हवं असणारे सगळ्यात जास्त असतात. पण हे खरं असेल तरच हां, मधल्यातला माल चार जणांच्या घराला खरोखर पुरत असेल तरच "घरासाठी" लिहा.

इथे एक प्रश्न हमखास येतो, मधल्यावर "सर्वाधिक विक्री" असा लाल गोळा टाकू का. वहीत तसं असेल तर टाका. चाळीसात चार असताना टाकलात तर ते खोटं आहे, आणि आपल्याकडे सगळे एकमेकांचे पाहुणे, शेजारीण दुसऱ्या शेजारणीला विचारते तू काय घेतलंस, दोघींनी लहान घेतलेलं निघतं आणि गोळ्याची किंमत कळते.

तिसरी तपासणी, पर्याय मोजा. तीनाचे पाच झालेत का? होतात, कारण प्रत्येक गिऱ्हाईकाच्या सांगण्यावरून एकेक वाढत जातो, कुणाला काजू नको, कुणाला गोडच हवं, की झाली "गोड पेटी", "बिनकाजू पेटी". मग मधलं कुठलं ते तुम्हालाच सांगता येत नाय तर बघणाऱ्याला काय सांगणार. चारातही मधलं नसतं, दोन मधले होतात आणि त्यांच्यातच भांडण लागतं. पोस्टवर तीनच ठेवा, बाकीची मागणी आली तर ती फोनवर करून द्या, नाही म्हणू नका, फक्त जाहिरातीत तिला जागा देऊ नका.

एवढं करून थांबा. वीस-पंचवीस ऑर्डरी येऊ द्या आणि परत वही बघा. बऱ्याच जणांचं इथेच काम होतं. काकींचं नाही झालं, "मधल्यात काय आहे" हे फोन बंद झाले पण घेणारे लहानच घेत राहिले. म्हणजे दिसत होतं, कळत होतं, तरी नको होतं. मग किमतीकडे वळायचं.

किमतीत दोन पायऱ्या असतात, लहानवरून मध्यमावर चढायची आणि मध्यमावरून मोठ्यावर चढायची. आपण तीन किमती बघतो, गिऱ्हाईक या दोन पायऱ्या बघतं. काकींच्या पायऱ्या होत्या ४५० आणि २५०. पहिली पायरी इतकी उंच की लहानवाला तिथेच बसला, आणि जो कसाबसा मध्यमापर्यंत आला त्याला अजून अडीचशेत दुप्पट काजू दिसले, तो वर गेला. मधल्यावर थांबायला कुणाकडे कारणच उरलं नाही. वहीतले २७, ४, ९ हे आकडे अगदी हेच सांगतात. मध्यम कमी आणि दोन्ही टोकं जास्त असं दिसलं की पायऱ्या उलट्या आहेत असं डोळे झाकून समजा.

पायऱ्या कशा हव्यात याबद्दल एक जुना प्रयोग आहे, इटामार सायमनसन आणि एमॉस ट्वर्स्की या दोघांनी १९९२ साली छापलेला. त्यांनी लोकांना मिनोल्टा कॅमेऱ्यांची निवड करायला सांगितली. एक साधारण १७० डॉलरचा आणि एक २४० चा, असे दोनच ठेवले तेव्हा लोक निम्मे-निम्मे वाटले गेले. मग दुसऱ्या लोकांना तेच दोन आणि वर ४७० डॉलरचा तिसरा दाखवला, तर मधला घेणारे ५७ टक्के झाले, खालचा २२ आणि वरचा २१. टोकाचं काही नको, मधलं बरं, अशी माणसाची ओढ असते. पण मला त्यातलं उपयोगी काय वाटलं तर पायऱ्या बघा, पहिली ७० ची आणि दुसरी २३० ची. खालची पायरी ठेंगणी, वरची उंच. आपल्या अंगणातल्या पायऱ्या सारख्या असलेल्या बऱ्या, या तशा नकोत.

अर्थात कॅमेऱ्याचा आकडा आगळाला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाय, ५७ टक्क्यांची आशा धरून बसू नका.

पायरीच्या आत अजून एक गोष्ट लपलेली असते ती सुट्या भावाची. काकींच्याच दुकानात सुटं घेतलं तर काजू पाव किलो २८०, आगळ १३०, मसाला १६०, आंबापोळी १५०, फणसपोळी १३०, कुळीथ पीठ ११०. आता बेरीज करा. लहान पेटीतला माल सुटा ५७० चा, पेटी ४९९, म्हणजे ७१ रुपये वाचले. मोठीतला सुटा १३७०, पेटी ११९९, वाचले १७१. आणि मधल्यातला सुटा ९६०, पेटी ९४९, वाचले अकरा रुपये! मी काकींना विचारलं हे काय, तर म्हणाल्या, लहान खपावी म्हणून स्वस्त केली, मोठी कुणी घेत नाय म्हणून स्वस्त केली, मधलीचं काय लक्षातच नाय राहिलं. गिऱ्हाईक कागद घेऊन बेरीज करतं असं नाही, पण काजूचा नि आगळाचा भाव आपल्या लोकांना तोंडपाठ असतो, मधलीत काही दम नाही हे त्यांना वासावरून कळतं.

पाचवी तपासणी पेटीत काय आहे त्याची, ही जरा अवघड, कारण पॅकिंग बदलावं लागतं. प्रत्येक मेव्यात एक वस्तू अशी असते जिच्यासाठी माणूस येतो. आमच्याकडे ती काजू. ती पूर्ण मापात लहानातच मिळाली तर वर चढायचं कारण संपलं, वर काय तर कुळीथ पीठ, आणि कुळथाची पिठी ज्याला आवडते त्याला जीव की प्राण पण मुंबईतल्या पुढच्या पिढीला ती गळ्यात मारल्यासारखी वाटते. काकींच्या मधल्या पेटीत "शिवाय" म्हणून ज्या तीन गोष्टी होत्या त्यात लोकांना हवी अशी एकच होती, आंबापोळी. उरलेल्या दोनसाठी २४० रुपये जास्त मागितले जात होते.

मग आम्ही नव्याने मांडलं ते असं:

चवीपुरती, ४०० रुपये: काजू १०० ग्रॅम, आगळ अर्धा लिटर, मालवणी मसाला २०० ग्रॅम.
घरासाठी, ६८० रुपये: तेच सगळं, पण काजू पाव किलो, शिवाय आंबापोळी २०० ग्रॅम.
वाटायला, १२९० रुपये: काजू अर्धा किलो, आगळ दोन बाटल्या, मसाला, आंबापोळी, शिवाय फणसपोळी आणि कुळीथ पीठ.

पायऱ्या झाल्या २८० आणि ६१०. सुट्यापेक्षा वाचतात अनुक्रमे दहा, चाळीस आणि ऐंशी रुपये (शंभर ग्रॅम काजूची पुडी सुटी १२० ला आहे). लहान पेटी मुद्दाम वाईट केलेली नाही बघा, एकट्या माणसाला, रूमवर राहणाऱ्या पोराला ती पुरते आणि स्वस्त पडते. हे मी मुद्दाम सांगतोय कारण व्हिडिओ बघून आलेले काही जण म्हणतात, भाऊ, एक पेटी अशी ठेवूया की ती कुणी घेऊच नये, तिच्यामुळे दुसरी चांगली दिसेल. आमिष म्हणून ठेवलेला पर्याय. असं करू नका. एक तर आकड्यांच्या तक्त्यात ही युक्ती चालते पण वस्तू फोटोत दिसायला लागली की ढिली पडते, २०१४ साली फ्रेडरिक, ली आणि बास्किन यांनी हे तपासून छापलंय. आणि दुसरं, कुणीतरी ती पेटी घेतोच, आणि तो तुमच्या वाडीतला निघतो. मोठी पेटीही खरीच हवी, ऑर्डर आली तर त्याच दिवशी भरून देता आली पाहिजे, नुसती फोटोपुरती नको.

आता कुरिअर. हे लोक सगळ्यात शेवटी बघतात, आणि चौथं लक्षण, आकडा ऐकून खाली उतरणं, ते नव्वद टक्के इथलंच असतं. आमच्याकडचा कुरिअरवाला अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे घेतो. पेटी पूर्ण बांधून, चिकटपट्टी लावून, वजनकाट्यावर ठेवा, अंदाजाने सांगू नका. आगळाची बाटलीच मिठामुळे जड, अर्ध्या लिटरची बाटली सहाशे ग्रॅमच्या आसपास जाते. काकींची नवीन लहान पेटी भरली १ किलो २० ग्रॅम आणि मधली १ किलो ४००. म्हणजे दोन्ही दीड किलोच्याच टप्प्यात! लहान मागवा नायतर मधली मागवा, कुरिअर तेवढंच. हे कळल्यावर पोस्टमध्ये एक ओळ वाढवली, "लहान आणि मधली, दोन्हीला कुरिअर सारखंच लागतं." माझ्या मते सगळ्या दुरुस्तीत या एका ओळीने सगळ्यात जास्त काम केलं, कारण त्यात युक्ती काही नाय, मधली घेण्यात गिऱ्हाईकाचा सरळ फायदा आहे आणि तो त्याला आधी कुणी सांगितला नव्हता.

मोठी पेटी ३ किलो ५० ग्रॅम भरली होती, पन्नास ग्रॅमसाठी साडेतीन किलोचे पैसे. खोका हलका घेतला आणि ती तीनच्या आत आली.

खोक्याचं मापही बघा. खाजगी कुरिअरवाले बऱ्याचदा खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ३० बाय २० बाय १५ चा खोका म्हणजे १.८ किलो, आत माल १.४ चा असला तरी. उंची १५ वरून ११ केली तर १.३२ येतं आणि खरं वजन लागू होतं. तुमचा कुरिअरवाला कितीने भागतो ते त्यालाच विचारा. एसटी पार्सलने किंवा गावी आलेल्या पाहुण्याच्या गाडीतून पाठवणाऱ्यांना हा ताप नाही, पण मग पोस्टमध्ये तसं लिहा. किंमत एक आणि शेवटी सांगायची दुसरी, असं झालं की मधल्याचं गिऱ्हाईक जातं.

सगळ्यात अवघड तपासणी शेवटी, कारण यात घरातल्यांशी भांडण होतं. मधली पेटी खपल्यावर तुमच्या हातात काय उरतं? कच्चा माल, पुडी, खोका सगळं धरून काकींचा जुना हिशोब काढला तेव्हा लहान पेटीवर ५९ रुपये उरत होते, मधलीवर २३४ आणि मोठीवर १५९. मोठीवर मधलीपेक्षा कमी! नवीन मांडणीत ते ९०, १३० आणि २५० झाले. मधलीवर आधीपेक्षा शंभर रुपये कमी उरतात म्हणून काकींचे मिस्टर जाम चिडले होते. पण चारच खपणाऱ्या पेटीवर २३४ उरून काय करणार.

पुढच्या चाळीस पेट्यांची वही अशी आली: लहान १३, मधली २२, मोठी ५. आणि आता गंमत बघा, एकूण विक्री कमी झाली, आधी २८०६० होती ती २६६१० झाली. मिस्टर म्हणाले बघ, सांगितलेलं. मग उरलेल्या पैशांची बेरीज केली, आधी ३९६० उरले होते, आता ५२८०. म्हणून सांगतो, नुसत्या विक्रीच्या आकड्यावरून ठरवू नका, आणि मधली खपायला लागली एवढ्यावर खूश पण होऊ नका. मधलीवर लहानपेक्षा कमी उरत असेल तर सगळी मेहनत करून तुम्ही स्वतःचं नुकसान वाढवलंत.

खरं सांगायचं तर यातलं सगळं श्रेय मांडणीचं नाही. जुन्या चाळीस पेट्या जुलैतल्या होत्या, आषाढात कोण मेवा मागवतो, आणि नव्या चाळीस गणपतीच्या आधीच्या. सणाला हात सैल सुटतो. म्हणून तुलना करायची तर सणाशी सणाची करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, फोटो, किंमत आणि पेटीतला माल तिन्ही एकदम बदललेत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. हापूसच्या पेटीला नाही चालत. तिथे माणूस डझनाने आणि फळाच्या वजनाने विचार करतो, घरात किती माणसं, आंबा किती दिवसात पिकणार, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. दोन डझनवाल्याला तुम्ही चार डझन दिलेत तर अर्धे पेटीत खराब होणार आणि फोन तुम्हालाच येणार. तिथे पायऱ्या खेळत बसू नका, सरळ भाव लिहा. होमस्टेला चालतं, दोन दिवस राहणं-जेवण, त्यात तारकर्लीची बोट फेरी धरून मधलं पॅकेज, असं करून दिलंय मी, तपासण्या त्याच लागतात, फक्त कुरिअरच्या जागी रिक्षाचं भाडं येतं.

आणि आता कुठे थांबायचं ते. माझ्यासारख्या डीटीपीवाल्याकडे किंवा शेजारच्या हुशार भाच्याकडे या गोष्टी घेऊन जाऊ नका.

पेटीवर जुनी किंमत खोडून नवीन दाखवायची असेल तर ती खोडलेली किंमत तुम्ही खरोखर लावत होतात का, ते आधी स्वतःला विचारा. नसेल तर ती फसवी जाहिरात होते. "फक्त ३ शिल्लक" असं खोटं लिहिणं, न मागितलेली वस्तू बिलात घालणं, शेवटच्या क्षणी चार्जेस वाढवणं, या गोष्टी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये नावानिशी आल्यात. कुणी गिऱ्हाईकाने तक्रार करतो म्हणून नोटीस-बिटीस पाठवली तर स्वतः उत्तर टाइप करत बसू नका, वकिलाकडे जा.

पाकीटबंद खाण्याच्या मालावर वजन, तारीख, एमआरपी, परवाना क्रमांक हे कसं छापायचं, आणि सहा पुड्या एका खोक्यात घातल्या की खोक्यावर काय छापायचं, हे वैधमापन आणि अन्न परवान्याचं काम करणाऱ्या माणसाकडून एकदा करून घ्या. स्टिकर मी छापून देईन, त्यावर काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

आणि जीएसटी. तुमची नोंदणी असेल तर वेगवेगळ्या दराच्या वस्तू एका किमतीत बांधून विकल्या की त्या "मिक्स्ड सप्लाय" धरल्या जातात आणि त्यातल्या सगळ्यात जास्त दराच्या वस्तूचा दर अख्ख्या पेटीला लागू शकतो. म्हणजे आत घातलेल्या एका वस्तूमुळे मधल्या पेटीवर उरणारे १३० रुपये कुठे जातील कळणार नाही. नोंदणी नसेल तरी आमच्याकडच्यांनी सावध राहा, बांद्याच्या पलीकडे गोवा म्हणजे दुसरं राज्य, आणि दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा तर उलाढाल कमी असली तरी साधारणपणे नोंदणी लागते. म्हापशाच्या मावशीच्या मैत्रिणीने दहा पेट्या मागितल्या की आधी सीएला फोन करा, मग हो म्हणा. पेटीतली वस्तूंची यादी आणि प्रत्येकीची सुटी किंमत कागदावर लिहून न्या, तो पहिल्यांदा तीच मागतो.